सुट्टी दिली की, मग पैसे कशाचे?

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला तुमची छोटीशी फाउंड्री आहे, मार्च एंड तोंडावर आलाय आणि पुण्याचा गिऱ्हाईक दिवसातून चारदा फोन करतोय. रविवारी भट्टी लावल्याशिवाय माल निघत नाही, आणि रविवारी भट्टी लावली की ओटी, म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे, मागणारे चार जण ऑफिसच्या दारात उभे राहतात. घाबरू नका. या संकटावर आपल्या भागात एक रामबाण वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय : ‘बदली सुट्टी दिलोय की रे, मग पैसे कशाचे?’ हे वाक्य ठणकावून म्हणायचं आणि लगेच मोबाईल कानाला लावायचा. समोरचा निम्मा तिथंच गार होतो.

उरलेल्या निम्म्यासाठी थोडी तयारी लागते.

पहिली गोष्ट, रविवारी ड्युटी आहे हे शनिवारी संध्याकाळी पाचच्या पुढे सांगावं, तेही तोंडी, आणि शक्यतो कामगार हात धुऊन सायकल काढत असताना. १९४८ च्या कारखाना कायद्यात याबद्दल फार कटकट करून ठेवली होती. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम घ्यायचं तर त्या दिवसाच्या आधीच्या तीन दिवसांत किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवस सुट्टी द्या. रविवार किंवा बदलीचा दिवस, यांतला जो आधी येईल त्याच्या अगोदर कारखाना निरीक्षकांना नोटीस पाठवा, आणि तीच नोटीस फलकावरही लावा. फलकावरच्या नोटिशीच्या भाषेचंही कलम होतं. इंग्रजी हवीच, शिवाय बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा हवी. म्हणजे तुमच्या मोल्डिंगला येळ्ळूर, मजगाव, पिरनवाडीची पोरं जास्त असतील तर मराठी, आणि कन्नड बोलणारे जास्त असतील तर कन्नड. एवढ्याशा कलमावरून आपल्याकडं केवढं आंदोलन होऊ शकतं याचा विचार करा, आणि गावाच्या शांततेखातर नोटीसच लावू नका. फलकावर गेल्या दसऱ्याचं खंडेनवमीचं निमंत्रण आहेच, ते राहू दे.

आता बदली सुट्टी कुठल्या दिवशी द्यायची? सगळी कला इथं आहे, म्हणून जरा बैजवार सांगतो.

२०२५ चा मार्च घेऊ. त्यात पाच रविवार होते आणि कामाचे दिवस बरोबर २६. सणांच्या सुट्ट्या तूर्त बाजूला ठेवू. तुमच्या एका मोल्डरचा पगार, हिशेबाला सोपा म्हणून, महिना १५,६०० रुपये धरू. २६ नं भागलं की रोज ६०० रुपये आणि आठ तासांनी भागलं की तासाला ७५. रविवार ९ मार्चला तुम्ही त्याला बोलावलंत. समजा नियमानं वागायची दुर्बुद्धी झाली आणि बुधवारी १२ तारखेला त्याला सुट्टी दिलीत. कायद्याचा आठवडा शनिवारी मध्यरात्री सुरू होतो, म्हणून रविवार ९ ते शनिवार १५ हा एक आठवडा. त्यात सहा दिवस काम, ४८ तास. कारखाना कायद्यानं आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच घातलेली, त्यामुळं तासांच्या हिशेबानं ओटी शून्य. सुट्टी आधी, म्हणजे गुरुवार ते शनिवारच्या दरम्यान, दिली असती तरी तेच. त्यासाठी कायद्यानं मुद्दाम लिहून ठेवलं होतं की अशा वेळी तो रविवार मागच्या आठवड्यात मोजायचा. म्हणजे ‘सुट्टी दिली, मग पैसे कशाचे’ हे तुमचं वाक्य कारखाना कायद्यापुरतं या एका खिडकीत चक्क खरं ठरतं.

पण यात मजा काय? बुधवारी सुट्टी दिली की बुधवारचं मोल्डिंग बंद. मार्च एंडला परवडतंय होय? अनुभवी माणूस सुट्टी आपल्या सोयीनं देतो. स्क्रॅपची गाडी आली नाही, ट्रान्सफॉर्मर बसला, किंवा माल एकदाचा गेला आणि शेडमध्ये नुसती वाळू उरली, की त्या दिवशी सकाळी गेटवर सांगायचं : ‘तुझी सुट्टी शिल्लक हाय न्हवं? आज घे जा.’ सात वाजताच्या बसनं आलेला माणूस साडेआठच्या बसनं परत जातो. त्याची सुट्टीही झाली, तुमचा बंद दिवसही फुकट गेला नाही.

तर आपला मोल्डर १६ तारखेचा रविवार नेहमीसारखा घरी राहिला आणि सोमवारी १७ तारखेला तुम्ही त्याला बदली सुट्टी दिलीत. तुमचा हिशेब सरळ आहे. पहिल्या आठवड्यात त्यानं ५६ तास काम केलं, दुसऱ्या आठवड्यात ४०, दोन्ही मिळून ९६. दोन आठवड्यांचे ९६ म्हणजे आठवड्याला ४८. फिट्टंफाट. महिन्याचे २६ दिवस भरले, १५,६०० रुपये हातात दिले, कुणाचं काही राहिलं नाही.

हा हिशेब एखाद्या लेबर इन्स्पेक्टरसमोर मांडू नका, एवढी विनंती. त्यांना सरासरी कळत नाही. ते एकेक आठवडा सुटा मोजतात. ९ ते १५ मध्ये ५६ तास झाले, म्हणजे आठ तास जास्तीचे, आणि जास्तीच्या तासाला दर दुप्पट, म्हणजे १५० रुपये. आठ तासांचे १,२०० होतात. तुम्ही त्या दिवसाचे ६०० पगारात धरलेत, म्हणजे कमीत कमी ६०० रुपये राहिले. पुढच्या आठवड्यात तो ४० तासच आला म्हणून मागच्या आठवड्याचे ५६ काही ४८ होत नाहीत. सुट्टी दिलीत ती त्याच्या अंगाला विश्रांती म्हणून, जास्तीच्या तासांचा मोबदला वेगळा, आणि एकानं दुसरं फिटत नाही. शिवाय बोटं मोजत बसलेला इन्स्पेक्टर असेल तर तो आणखी एक दाखवील : सोमवार ३ मार्चपासून शनिवार १५ पर्यंत माणूस सलग १३ दिवस कामावर होता, आणि सुट्टी बदलताना सलग दहा दिवसांच्या वर जाता येत नव्हतं.

‘पण दोन महिन्यांत कधीही सुट्टी दिली तरी चालते,’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असणार. सांगणारा अर्धंच सांगतो, म्हणूनच तो सल्लागार म्हणून लोकप्रिय असतो. ज्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टीच्या कलमातून रीतसर सूट मिळालेली असते, त्याच्यासाठी ती मुदत आहे. बुडालेली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. सूट सुट्टीच्या दिवसापुरती असते, ४८ तासांवरचा दुप्पट दर त्यानं आपोआप माफ होत नाही. तुमच्या शेडला अशी सूट कधी मिळालीय का, हे तपासायच्या भानगडीत पडू नका. तपासलंत की कळेल.

किमान वेतनाचा कायदा तर याहून हट्टी. केंद्राच्या १९५० च्या नियमांत लिहिलेलं होतं की विश्रांतीच्या दिवशी काम घेतलं आणि बदली दिवस दिला, तरीही त्या कामाचे पैसे ओव्हरटाइमच्या दरानंच द्यायचे. रोजाचा दर महिन्याला २६ नं भागून काढला असेल तर बदली दिवसाची मजुरी वेगळी नाही, एवढीच सवलत. रेल्वे स्टेशनवर ठेकेदारामार्फत झाडू मारणाऱ्या माणसाला तीन दिवसांची ती खिडकीसुद्धा आड येत नव्हती. त्याच्या रविवारचे डबल. राज्याच्या अखत्यारीतल्या धंद्यांना राज्याचे नियम, ते तुमच्या अकाउंटंटला विचारा. त्यानं वाचलेले नसतील, पण उत्तर देईल.

आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यात म्हणून जुनं सगळं पुसलं गेलं, असं समजून पेढे वाटले असाल तर उरलेले झाकून ठेवा. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही, बुडालेली सुट्टी त्याच किंवा पुढच्या दोन महिन्यांत, जास्तीच्या तासांना दुप्पट, हे तिथंही आहेच. वर ओटीसाठी कामगाराची संमती घाला आणि तास रोजावर मोजायचे की आठवड्यावर, तर कामगाराच्या फायद्याचं असेल तसं, हेही घाला.

राहता राहिलं मस्टर. सगळ्यात सोपा उपाय हाच की ९ तारखेला ‘सुट्टी’ लिहावी आणि १७ तारखेला ‘हजर’. कागदावर आठवडा ४८ तासांचा, माणूस कधी जादा आलाच नाही. फक्त एवढं करा की हीट रजिस्टरही त्याच पेनानं दुरुस्त करा, कारण ९ तारखेला किती हीट काढल्या, किती किलो चार्ज टाकला, कितीला टॅप केलं हे मेल्टरनं त्यात प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. मग गेटवरच्या वॉचमनची वही. मग त्या दिवशीचा डिस्पॅच चलन. मग विजेच्या मीटरला समजावून सांगा की इंडक्शन फर्नेस रविवारी कुणीच लावली नव्हती, ती आपोआप तापली.

आणि देवाला हात जोडा की त्या रविवारी कुणाच्या पायावर लॅडलमधनं धातू सांडू नये. अपघात रविवारचा आणि मस्टरवर माणूस सुट्टीवर, म्हटल्यावर ईएसआयच्या अपघात अहवालात तुम्ही काय लिहिणार? घरी बसल्या बसल्या वितळलेल्या लोखंडानं भाजला? असे अहवाल लिहिताना मालकांच्या हाताला सुटलेला घाम मी पाहिलाय. सहाशे रुपये वाचवण्यासाठी केलेली ती सही त्यावेळी फार जड जाते.

हुशार लोक यावर सगळ्यांनाच ‘सुपरवायझर’ करून टाकतात. बारा माणसांच्या शेडमध्ये अकरा सुपरवायझर आणि एक हेल्पर, तोही प्रमोशनच्या वाटेवर. सुपरवायझरला कसली ओटी! फक्त हे अकराही जण दिवसभर फावड्यानं वाळू ओढत असतात, आणि चौकशीला आलेला माणूस कार्डावरचं पद सोडून हातावरचे घट्टे बघतो.

आणखी एक खबरदारी. नव्या वेतन संहितेत कामगाराला बाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकलीय. काही कामगार खिशात छोटी डायरी ठेवतात, त्यात कुठल्या रविवारी आलो आणि बदली कधी मिळाली हे पेन्सिलीनं टिपलेलं असतं. तीन वर्षांत दहा-बारा असे रविवार, वीस माणसं, गुणाकार तुम्ही करा. या डायऱ्यांचं काय करायचं ते आपल्या वकिलांना नक्की विचारा. भेट मात्र सोमवारी ठेवा, रविवारी गेलात तर ते फी डबल लावतात.