गझालीने युक्तिवाद केलाच नाही?

“विश्व अनादी आहे हे इब्न सीनाने तर्काने सिद्ध केलं. गझालीकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने धर्मग्रंथाचा आधार घेतला, तत्त्वज्ञांना पाखंडी ठरवलं आणि खगोलगणितही नाकारलं.”

इस्लामी तत्त्वज्ञ इब्न सीना आणि त्याच्या मतांवर टीका करणारा धर्मपंडित गझाली यांच्याबद्दल असा दावा केला जातो. त्यातला शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सरळ चुकीचा आहे. ‘तहाफुत अल-फलासिफा’ (1095) या तत्त्वज्ञांचं खंडन करणाऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच गझाली सांगतो की चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होतं, त्याचं गणित पक्कं आहे आणि धर्माच्या नावाने ते नाकारणारा धर्माचंच नुकसान करतो.

आता ‘सिद्ध केलं’ याकडे वळू. इब्न सीनासारख्या तत्त्वज्ञांचा युक्तिवाद खरोखर भक्कम होता. कारण पूर्ण असेल तर कार्य लांबणीवर पडत नाही. ईश्वर अनादी आणि स्वयंपूर्ण असेल, तर विश्व अमुक क्षणीच का सुरू झालं? आरंभापूर्वीचे सगळे क्षण सारखेच, मग कौल एकाच क्षणाकडे कशामुळे झुकला?

गझालीचं उत्तर असं: सारख्या गोष्टींतून एक निवडणं हेच तर इच्छाशक्तीचं काम. भुकेल्या माणसासमोर अगदी एकसारखे दोन खजूर आहेत आणि त्याला एकच घेता येणार आहे. तो एक उचलेलच, उपाशी बसणार नाही. पुढे तो तत्त्वज्ञांनाच विचारतो: तुमच्या मते आकाशाचा सर्वांत वरचा गोल पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतो. उलटा का नाही? दोन सारख्या शक्यतांतली एक तिथे तुम्हीही मान्य केलीच आहे. मला हा त्याचा सर्वांत बळकट टोला वाटतो, कारण तो प्रतिपक्षाच्याच ज्योतिर्विद्येतून आलेला आहे.

तीच ज्योतिर्विद्या घेऊन तो अनंत भूतकाळाकडे जातो. सूर्याची फेरी एका वर्षाची, शनीची तीस वर्षांची. म्हणजे शनीच्या फेऱ्या सूर्याच्या एक-तीसांश. पण काळ अनादी असेल तर दोन्ही अनंत. मग तीसपटीचा फरक गेला कुठे? आणि झालेल्या फेऱ्या सम की विषम?

इथे मात्र तो निर्विवाद जिंकत नाही. सुमारे 1180 मध्ये तत्त्वज्ञांच्या बाजूने इब्न रुश्द या तत्त्वज्ञाने उत्तर दिलं: संपून गेलेल्या फेऱ्या एकत्र अस्तित्वात नसतात, त्यांची बेरीज नसते, म्हणून सम-विषमाचा प्रश्नच लागू होत नाही. खजुराबद्दलही तो म्हणतो, भुकेला माणूस दोन खजुरांत निवड करत नाही, तो खाणं आणि न खाणं यांत निवड करतो. हे आक्षेप हलके नाहीत.

पाखंडाचा आरोप खरा आहे. वीस चर्चांनंतर, अगदी शेवटी, त्याने तीन मतांवर तो ठेवला आणि विश्वाचं अनादित्व त्यांतलं एक होतं. पण पहिली आणि सर्वांत लांबलचक चर्चा याच मुद्द्यावर आहे आणि तिथे तो धर्मग्रंथाचा हवाला देऊन थांबत नाही. आरंभ सिद्ध करणं हा या पुस्तकाचा हेतू नाही, प्रतिपक्षाचा पुरावा अपुरा आहे एवढंच दाखवायचं आहे, असं तो स्वतःच सांगतो.