सरासरी बरोबर, तरी पाय का सरकतो?

वाचकाची प्रतिक्रिया : दादा, तुमचा वॉक सायकलवरचा लेख वाचून दोन रात्री घालवल्या. सांगितलंत तसं एक पाऊल मोजलं, ७० सेंमी भरलं. सायकल २४ फ्रेमची, म्हणजे १ सेकंदाची. पात्राचा वेग सेकंदाला २.१ मीटर, म्हणून speed_scale १.५ ठेवला. तरी तेल सांडलेल्या फरशीवर चालावं तसा पाय सरकतोच. वेग कमी केला तर माणूस पाण्यातून चालल्यासारखा दिसतो. तुमचं सूत्र अर्धवट आहे, स्पष्टच सांगतो. त्यापेक्षा ‘रूट मोशन वापरा’ एवढी एक ओळ लिहिली असतीत तरी चाललं असतं.

उत्तर : नमस्कार. तुमचा राग रास्त आहे आणि गणितही बरोबर आहे. दोन पावलांचे १.४ मीटर, वेळ १ सेकंद, म्हणजे क्लिपचा स्वतःचा वेग १.४. २.१ ला त्याने भागलं की १.५ येतात. चूक माझ्या लेखात आहे. हा भागाकार फक्त सरासरी जुळवतो, हे मी लिहायला हवं होतं.

जागच्या जागी चालणाऱ्या क्लिपमध्ये टेकलेला पाय शरीराच्या खालून मागे जातो आणि गेममध्ये शरीर पुढे जातं. पाय जमिनीवर स्थिर दिसायचा असेल तर हे दोन वेग प्रत्येक फ्रेमला सारखे हवेत. पावलाच्या शेवटी हिशेब जुळला, एवढं पुरत नाही. शरीर २.१ च्या एकसारख्या वेगाने सरकतंय, पण पाय एकसारखा सरकतोय का? ब्लेंडरमध्ये आपण टाच टेकते तिथे एक की देतो आणि पाय मागे पोचतो तिथे दुसरी. मधली रेघ आपोआप बेझिए होते. तिचा स्वभावच हळू सुरू होऊन मध्ये जोर धरायचा आणि शेवटी पुन्हा हळू व्हायचा.

तुमच्याच आकड्यांवर बघू. पाय १२ फ्रेममध्ये ७० सेंमी मागे जातो. दोनच की असतील आणि दोन्ही टोकांचे हँडल आडवे असतील, तर मधोमध पायाचा वेग सरासरीच्या साधारण दीडपट होतो आणि टोकांना जवळपास शून्य. १.५ पटीने चालवल्यावर मध्ये पाय ३.१५ च्या वेगाने मागे पळतो, शरीर मात्र २.१ नेच पुढे जातं. म्हणजे टाच टेकल्यावर पाय आधी पावणेसात सेंमी पुढे घसरतो, मग साडेतेरा मागे आणि शेवटी पुन्हा पावणेसात पुढे. बेरीज शून्य! म्हणून speed_scale १.४ करा नाहीतर १.६, पाय हलायचा थांबणार नाही. पासिंग पोझला मधली की असली तर हे घसरणं पाचेक सेंमीवर येतं, पण जात नाही.

म्हणून आकडे बदलण्याआधी पाय *कसा* सरकतो ते बघा. कॅमेरा पात्रामागून फिरवू नका. तो बाजूला, एका जागी ठेवा, गेमचा वेग पाव करा आणि जमिनीला चौकटींचं टेक्स्चर लावा. आमच्या इंदूरच्या जुन्या घरांत कोटा फरशी असते, तिच्या सांध्यांवर बोटभर हालचालही पकडता येते. माझा सराफ्यातला सीन डांबरी रस्त्यावर होता, तिथे मला महिनाभर काही कळलंच नाही. राजवाड्याच्या चौकाला फरशी घातली आणि दुसऱ्याच दिवशी लाज वाटली.

पाय सतत एकाच दिशेला सरकत असेल तर भागाकार चुकलाय. पुढे जात असेल तर क्लिप हळू आहे, मागे जात असेल तर जास्त वेगात आहे. एकाच पावलात पुढे-मागे-पुढे होत असेल तर दोष कर्व्हचा. तुमचं वर्णन वाचून मला दुसऱ्याचीच शंका येते.

उपाय पाच मिनिटांचा आहे. Graph Editor मध्ये पायाच्या आयके बोनचं पुढे-मागे नेणारं चॅनेल निवडा (बहुधा Y). टाच टेकते ती की आणि मधली असेल तर तीही निवडून T दाबा आणि Linear घ्या. ब्लेंडरमध्ये की तिच्या *पुढच्या* तुकड्याचा प्रकार ठरवते, त्यामुळे पाय उचलतो ती शेवटची की बेझिएच राहू द्या. मधली की टोकांच्या बरोबर मध्यावर नसेल तर तिथे वेग बदलेल आणि झटका दिसेल. अशी की या चॅनेलमधून खुशाल काढून टाका. चालीतला जिवंतपणा कंबरेच्या वर-खाली होण्यात असतो. टेकलेल्या पायाला अभिनय करू देऊ नका.

मोजतानाही एक फसगत होते. घोट्याचं हाड मोजलंत तर टाच टेकताना आणि बोटांवर उचलताना ते पावलाभोवती गोल फिरतं, जमिनीशी त्याचा संबंध नसतो. तळवा पूर्ण सपाट आहे तेवढ्याच फ्रेम घ्या. समजा फ्रेम ३ ते ९ मध्ये तळवा ३५ सेंमी मागे गेला. ६ फ्रेम म्हणजे पाव सेकंद, म्हणून वेग १.४. हाच आकडा कोडमध्ये द्या. मॉडेल गेममध्ये लहान-मोठं केलं असेल तर हाही त्याच पटीत बदला.

आणि भाज्य म्हणून बटणाने मागितलेला वेग घेऊ नका, शरीर खरोखर जेवढं सरकलं तेवढाच घ्या. माझं पात्र सराफ्यात एका हातगाडीला अडकून जागच्या जागी झपाझप चालत होतं, ते याचमुळे. गोडोमध्ये असं :

```gdscript
move_and_slide()
var speed := get_real_velocity().length()
anim.speed_scale = speed / clip_speed
```

आता पाण्यातली चाल. तिथे कर्व्ह सरळ करून पाय घसरायचा थांबला, तरी डोळ्याला खटकतं, आणि त्यावर हा भागाकार कधीच औषध होणार नाही. खरा माणूस हळू चालतो तेव्हा पावलं सावकाश टाकतो आणि लहानही टाकतो. आपण फक्त वेळ ताणतो, पाऊल ७० सेंमीचंच राहतं. सेकंदाला ०.७ मीटरला तुमची सायकल २ सेकंदांची होते. एवढं लांब पाऊल इतक्या सावकाश कोणी टाकत नाही. ५० सेंमीच्या पावलाची दुसरी क्लिप करा. ०.७ ला तिची सायकल १.४ सेकंदांच्या आसपास येईल. दोन्ही क्लिप मिसळताना डावी टाच दोन्हींत एकाच क्षणी टेकली पाहिजे, नाहीतर मधल्या वेगांना पाय पुन्हा घसरतील. माझा अंदाज असा की एकच क्लिप ०.८ ते १.२५ पटीपर्यंत ताण सोसते.

त्या हिशेबाने तुमचा १.५ मुळातच जास्त आहे. शिवाय माणसाची सहज चाल १.३-१.४ ची. २ च्या पुढे गेलं की तो आपसूक पळायला लागतो. तुमच्या पात्राला २.१ ला चालीची नव्हे, संथ धावेची क्लिप हवी आहे.

राहिलं रूट मोशन. त्यात शरीर क्लिपनुसार सरकतं, म्हणून पाय घसरत नाही, हे खरं. पण तुमचा कर्व्ह आहे तसा ठेवलात तर दोष पायातून निघून शरीरात जाईल आणि माणूस प्रत्येक पावलाला थांबत-उसळत पुढे जाईल. तेव्हा कर्व्ह दोन्हीकडे दुरुस्त करावाच लागतो. कटसीनमध्ये आणि हल्ल्याच्या हालचालींना मीही रूट मोशनच वापरतो. पण खेळणाऱ्याने स्टिक सोडल्याबरोबर पात्र थांबायला हवं असेल, तर वेग माझ्या हातात राहावा हे मला बरं वाटतं.

मूळ लेखात तळव्याच्या मोजणीचा परिच्छेद आज घालतो. तुमचा कर्व्ह सरळ केल्यावरही पाय हलला, तर बाजूच्या कॅमेऱ्यातून पाव वेगाचं रेकॉर्डिंग टाका. कुठल्या दिशेला सरकतोय ते बघू.