सहलीचे पैसे परत येऊच नयेत, यासाठी मेसेज कसा लिहावा

गणपतीपुळ्याहून पुण्याच्या फ्लॅटवर परतल्यानंतर पहिले तीन आठवडे काहीही लिहू नये, कारण हॉटेलची बिले कोणत्या पिशवीत गेली हे सर्वांनी विसरण्यास किमान तेवढा अवधी लागतो. त्यानंतर एखाद्या रात्री ग्रुपवर ‘मित्रांनो, सहलीचे थोडे पैसे बाकी आहेत, जमेल तसे द्या’ असे लिहावे. या वाक्यात रक्कम नाही, नाव नाही आणि तारीखही नाही. त्यामुळे ते प्रत्येकाला उरलेल्या दोघांसाठी लिहिल्यासारखे वाटते, आणि सगळे जण हात जोडल्याचे चित्र पाठवून मोकळे होतात.

एवढ्यानेही कोणी हिशेब विचारलाच, तर एकूण १५,००० रुपयांना चाराने भागून ‘प्रत्येकी ३,७५०’ असे कळवावे. चौघांपैकी एक जण कामामुळे एक दिवस उशिरा एसटीने आला, एक जण शाकाहारी आहे आणि एकाने स्वतःची गाडी आणून पेट्रोल भरले, असल्या क्षुल्लक तपशिलांत शिरल्यास मैत्रीला तडा जातो असे म्हणतात. (म्हणणारा बहुधा भागाकाराने फायद्यात असतो.)

कारण तपशिलात शिरल्यास निघते ते असे. खोलीचे दोन रात्रींचे ६,००० रुपये तुम्ही भरलेत. त्यांतले १,५०० तर महिनाभर आधीच आगाऊ पाठवले होते आणि ते तुम्ही स्वतःही विसरला होता. पहिली रात्र तिघांची, म्हणून प्रत्येकी १,०००. दुसरी चौघांची, म्हणून प्रत्येकी ७५०. पेट्रोल आणि टोलचे ४,२०० रुपये गाडीवाल्याने भरले; त्यांतली जातानाची निम्मी रक्कम तिघांत आणि येतानाची चौघांत वाटली, तर आधीपासूनच्या तिघांवर १,२२५ आणि उशिरा आलेल्यावर ५२५ येतात. जेवणाचे ४,८०० रुपयेही तुमच्याच खिशातून गेले. त्यांतले पहिल्या दिवसाचे १,८०० तिघांचे, दुसऱ्या दिवशीच्या सुरमईचे १,८०० ती खाणाऱ्या तिघांचे आणि उरलेले १,२०० चौघांचे.

सगळी बेरीज केल्यावर तुमचा आणि गाडीवाल्याचा वाटा ४,४७५, शाकाहारी मित्राचा ३,८७५ आणि उशिरा आलेल्याचा अवघा २,१७५ भरतो. म्हणजे ‘प्रत्येकी ३,७५०’ या समतेच्या आदर्शाने उशिरा आलेल्याकडून १,५७५ रुपये जास्तीचे घेऊन तुम्हा दोघांना प्रत्येकी ७२५ आणि शाकाहारी मित्राला १२५ रुपयांची सूट दिली असती. सुरमईचे पैसे आपल्यावर पडले म्हणून परतीच्या वाटेवर चिपळूणपर्यंत कुरकुरणाऱ्या त्या मित्राला हा १२५ रुपयांचा लाभ कधीही कळू देऊ नये. गाडीवाल्यालाही अंधारातच ठेवलेले बरे, कारण समान वाटपात त्याला ४५० रुपये मिळायचे असतात आणि नीट हिशेबात उलट त्यालाच २७५ द्यावे लागतात. टायर झिजले, गाडी चालवली, याचे काय, असा प्रश्न तो विचारेलच, आणि तो रास्तही आहे. मात्र चालकाला पेट्रोलमध्ये सवलत द्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी ठरवण्याचा विषय परतल्यावर काढला, तर त्यावर दिवाळीपर्यंत चर्चा पुरते.

तेव्हा पुढीलसारखा उद्धट मेसेज तर कदापि पाठवू नये:

‘एकूण खर्च १५,००० : खोली ६,०००, पेट्रोल-टोल ४,२००, जेवण ४,८००. पहिला दिवस आणि जातानाचा प्रवास तिघांत, दुसरा दिवस आणि परतीचा प्रवास चौघांत, मासे मात्र ते खाणाऱ्यांतच वाटले आहेत. ज्याने जे भरले ते वजा करून माझ्याकडे येणे : गाडीवाला २७५, शाकाहारी ३,८७५, एसटीने आलेला २,१७५. बिलांचे फोटो खाली आहेत. चूक दिसल्यास गुरुवारी रात्रीपर्यंत सांगा. पैसे रविवारी, ९ तारखेला, रात्री ९ पर्यंत याच नंबरवर यूपीआयने पाठवा.’

यात चूक शोधायला वेगळी मुदत आणि पैसे द्यायला वेगळी मुदत असल्याने ‘मी अजून हिशेब पाहतोय’ हे हुकमी उत्तर गुरुवारनंतर चालत नाही. तिन्ही येण्यांची बेरीज ६,३२५ होते आणि तुम्ही भरलेल्या १०,८०० मधून तुमचा ४,४७५ चा वाटा वजा केला तरी तेच उरतात, त्यामुळे बेरजेवर वाद घालण्याचीही सोय राहत नाही. सर्वांत वाईट म्हणजे पैसे रविवारी खरोखरच येऊ शकतात, आणि मग पुढच्या सहलीचे आगाऊ पैसे मागताना ‘आधीचे राहिलेत’ हे कारण तुमच्याकडेही उरत नाही.