‘सर, आज येत नाहीये 🤒’ हे कुठे चालतं, कुठे अडतं

रजेच्या मेसेजमध्ये इमोजी टाकू का, व्हॉइस नोट पाठवली तर चालेल का, असं कुणी विचारलं की सल्ला देणारे लगेच साहेबांच्या स्वभावावर येतात. कडक आहेत की मोकळे? मला वाटतं त्याआधी एक गोष्ट बघायला हवी. तुमचा मेसेज साहेबांच्या फोनमध्येच थांबणार आहे, की तिथून एचआरकडे, त्यांच्या वरिष्ठांकडे किंवा हजेरी भरणाऱ्या माणसाकडे जाणार आहे? जो मेसेज पुढे जाणार, तो तुम्हाला न ओळखणारा माणूस वाचणार. त्याला तुमचा आवाज, तुमचा स्वभाव, साहेबांशी असलेली सलगी यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्यासमोर असतात फक्त शब्द.

कडक साहेबांच्या बाबतीत मेसेज पुढे जाईल असंच धरून चालावं. ते नियमाने चालतात, म्हणून नोंद ठेवतात.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. सकाळी ७:४० ला ताप आलेला माणूस ४८ सेकंदांची व्हॉइस नोट पाठवतो: ‘हॅलो सर, गुड मॉर्निंग… काय झालं ना सर, काल रात्रीपासूनच जरा अंग दुखत होतं, मग म्हटलं बघू सकाळी…’ रजा हवी आहे हे तिसाव्या सेकंदाला येतं आणि अकरा वाजता पाठवायच्या स्टेटमेंटचं काय, ते येतच नाही. साहेबांच्या स्क्रीनवर मात्र फक्त माइकचं चिन्ह आणि ०:४८ एवढंच दिसतं. ते मीटिंगमध्ये असतील तर ऐकता येत नाही, नजर टाकून अंदाजही घेता येत नाही. ऐकेपर्यंत सव्वाअकरा होतात, स्टेटमेंट राहून जातं, आणि तापाने फणफणलेल्या माणसावर बेजबाबदारपणाचा शिक्का बसतो. महिनाअखेरीला रजा जुळवताना ‘रजा’ असं शोधलं तर लिहिलेला मेसेज सापडतो. व्हॉइस नोट एकेक करून ऐकावी लागते.

तोच मेसेज लिहून असा होतो:

‘सर, आज मंगळवार, १४ तारखेला आजारी रजा हवी आहे. रात्रीपासून ताप आहे. अकराला पाठवायचं स्टेटमेंट शेअर फोल्डरमध्ये तयार आहे, ते अमुक यांनी पाठवावं असं त्यांच्याशी बोललो आहे. उद्या, बुधवारी येऊ शकेन का, ते आज चारपर्यंत कळवतो.’

चार वाक्यं. पहिल्याच वाक्यात रजा आणि तारीख आहे, कारण नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. ती जागा ‘गुड मॉर्निंग सर, सॉरी, सकाळी सकाळी त्रास देतोय’ यात गेली, तर मुद्दा तिथे दिसतच नाही. आजाराचं कारण एका वाक्यात संपवलं आहे. उलट्या किती झाल्या, काल काय खाल्लं, हे कडक साहेबांना सांगायला गेलं की खुलासा देतोय असं वाटतं आणि उगाच शंका येते.

तारखेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्या भाषेत इथे हमखास घोळ होतो. ‘परवा’ हा शब्द मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्यालाही. ‘परवाची रजा’ म्हणजे घेतलेली की घ्यायची? रात्री पावणेबाराला पाठवलेलं ‘उद्या येणार नाही’ साहेबांनी सकाळी वाचलं, तर त्यांच्या लेखी उद्या म्हणजे दुसराच दिवस. ‘दोन दिवस नाही’ यात आजचा दिवस धरला का, तेही कळत नाही. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहावं. साहेब कितीही मोकळे असले तरी.

क्रियापदाचंही तसंच. ‘आज येत नाहीये’ ही कळवलेली गोष्ट आहे, ‘रजा हवी आहे’ ही मागणी आहे आणि ‘रजा मंजूर व्हावी, ही विनंती’ हा अर्ज आहे. तापाच्या सकाळी मधलं पुरतं. पुढच्या महिन्यातल्या पाच दिवसांसाठी कडक साहेबांना तिसरंच हवं, तेही ईमेलवर. व्हॉट्सॲपवर फक्त ‘सर, रजेचा अर्ज मेल केला आहे’ एवढं कळवावं. ठरवून घ्यायच्या रजेत ‘येत नाहीये’ लिहिलं की तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत असं वाचलं जातं, आणि मग शेवटी 🙏 लावून काही सावरत नाही.

आता इमोजीकडे येतो. माझा त्याला सरसकट विरोध नाही. रजेची नोंद सिस्टीममध्ये आधीच झालेली आहे, मेसेज केवळ आठवणीचा आहे, किंवा अर्धा तास उशीर होणार आहे, तिथे ‘ट्रॅफिकमध्ये अडकलोय, साडेदहापर्यंत पोचतो 🙏’ अगदी छान दिसतं. टीमच्या ग्रुपवरही मोकळं लिहावं, पण साहेबांना स्वतंत्र मेसेज गेल्यावर. अट एकच: इमोजी काढून टाकला तरी वाक्य पूर्ण राहिलं पाहिजे. ‘आज 🤒, उद्या भेटू’ यातून इमोजी काढा, रजेचं कारणच गेलं. आणि 😭 मात्र रजेत नकोच. रोज गमतीत वापरून वापरून त्या चेहऱ्याचं गांभीर्य गेलंय, त्यामुळे खरी अडचणसुद्धा लाडीगोडी वाटते. घरात कुणी गेलं असेल, तर साहेब अगदी मित्रासारखे असले तरी साधे शब्दच लिहावेत.

साहेबांची तऱ्हा ओळखायची असेल तर त्यांचे तुम्हाला आलेले शेवटचे दहा मेसेज वाचा. पूर्ण वाक्यं आहेत का, ते स्वतः इमोजी टाकतात का, कधी व्हॉइस नोट पाठवतात का? त्यांच्यापेक्षा एक पायरी औपचारिक राहा. मात्र ते व्हॉइस नोट पाठवतात म्हणून रजा तशी मागायची नाही. काम सांगणाऱ्याला आवाज चालतो, परवानगी मागणाऱ्याला लेखी पुरावा लागतो.

अपघात झाला, हाताला लागलंय, दवाखान्यात धावपळ चालू आहे, तेव्हा आधी फोन करा. उचलला नाही तर दहा-पंधरा सेकंदांची व्हॉइस नोट द्या, कडक साहेबांनाही. तिथे टाइप करणं खरंच शक्य नसतं. संध्याकाळपर्यंत त्याच चॅटमध्ये दोन ओळी लिहून टाका: कोणत्या तारखेपासून नाही आणि पुढचं कधी कळवाल.

शेवटचा मुद्दा मंजुरीचा. निळ्या टिका म्हणजे मेसेज उघडला गेला, रजा मिळाली असं नाही. साहेबांनी तुमच्या मेसेजवर 👍 दिला, तर? कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या न्यायालयाने २०२३ मध्ये एका धान्यविक्रीच्या व्यवहारात 👍 हा करार मान्य केल्याचा इशारा धरला होता. पण तिथे त्या दोघांच्या आधीच्या व्यवहारांची पद्धतही पाहिली गेली. तुमच्या ऑफिसात 👍 म्हणजे ‘मंजूर’ की ‘वाचलं’, हे तिथल्या रिवाजावरच ठरणार. शिवाय मेसेज फॉरवर्ड केला की त्यावरची रिअ‍ॅक्शन सोबत जात नाही. म्हणून एका दिवसाच्या आजारपणात अंगठा पुरे माना. तीन दिवस किंवा जास्त असतील तर ‘सर, १४ ते १६ ची रजा मंजूर आहे असं समजून सिस्टीममध्ये टाकतो’ असं लिहा. चूक असेल तर ते लगेच सांगतील, आणि नाही बोलले तरी निदान तुमची बाजू तारखेसकट लेखी राहते.