फ्लोचार्ट न तपासता 'फायनल' कसा करावा

परवा एक फ्लोचार्ट हातात आला. ओटीपीने लॉगिन करायचा, म्हणजे त्यात असून असून काय असणार! सोबत निरोप, "फायनल आहे, तिघांनी बघितलाय, आता फक्त कोड लिहायचाय." डायमंड पिवळे, चौकटी निळ्या, बाण सगळे काटकोनात वळलेले. दोन दिवस त्याच्याशी झुंजल्यावर लक्षात आलं की एवढी मोठी कला एकाच टीमपुरती राहणं बरोबर नाही. म्हणून या टिपा. फ्लोचार्ट काढणाऱ्या आणि त्याच्यावर 'रिव्ह्यू झाला' असं लिहिणाऱ्या तमाम मंडळींसाठी.

सगळ्यात आधी, फ्लोचार्ट नेहमी वरून खाली वाचायचा आणि प्रत्येक डायमंडपाशी फक्त 'हो'चा बाण धरायचा. युजर शहाणा आहे, त्याने ओटीपी वेळेत टाकला, बरोबर टाकला, लॉगिन झालं, 'शेवट' आला. झालं की तपासून! एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका, ती म्हणजे 'शेवट'पासून बाणांच्या उलट दिशेने चालणं. कारण कोणी तसं चाललं आणि वाटेत लागलेल्या प्रत्येक चौकटीवर पेन्सिलने टिक करत गेलं, तर ज्या चौकटी टिकशिवाय राहतात तिथून शेवटाला जायला वाटच नाही हे उघडं पडतं. आमच्याकडे अशी राहिली 'खातं लॉक करा'. आत यायला बाण आहे, बाहेर जायला नाही. लॉक केलं, बरं, मग पुढे? युजरला काही सांगायचंय का, लॉक उघडणार कोण, का तो बिचारा जन्मभर त्याच स्क्रीनकडे बघत बसणार? असाच सरळ दिशेने 'सुरुवात'पासून टिक करत गेलात तर उलटा प्रकार सापडतो. 'ईमेलवर ओटीपी पाठवा' अशी एक देखणी चौकट, तिच्यात येणारा एकही बाण नाही. मीटिंगमध्ये कोणीतरी सुचवलं असणार, मान राखायला काढून ठेवली.

आता डायमंड. डायमंडला एकच बाण पुरतो, दुसरा वाचणाऱ्याने समजून घ्यायचा. 'ओटीपी ५ मिनिटांच्या आत आला?' हो, मग 'ओटीपी बरोबर आहे?' कडे जा. आणि नाही आला तर? तिथे कोरी जागा. विचारलं तर उत्तर, "अहो ते ऑब्व्हियस आहे." मग दोन डायमंडची चार घरं कागदावर मांडून दाखवली: वेळेत-बरोबर, वेळेत-चूक, उशिरा-बरोबर, उशिरा-चूक. चारातली दोन घरं हवेत. तेव्हा कुठे सुधारणा झाली, पहिल्या बाणावर '५ मिनिटांपेक्षा कमी' लिहिलं, नवा बाण काढला '५ मिनिटांपेक्षा जास्त' आणि तो 'ओटीपी पाठवा'ला जोडला. बरोबर ५ मिनिटांनी आलेला ओटीपी कुठे जातो ते विचारायची मग माझीच हिंमत झाली नाही.

'ओटीपीची वाट बघा' या चौकटीला वेळेची मर्यादा घालू नका, युजर कधी ना कधी टाकेलच.

आणि आता लूप. लूपमध्ये काउंटर दिसला की लूप सुरक्षित आहे असं मानायचं, हा सुवर्णनियम आहे. आमच्या चार्टात काउंटर होताच, हे बघा, चुकीच्या ओटीपीचा भाग:

```
count = 0
ओटीपी पाठवा, वाचा
चुकला: count = count + 1
count = 3 ?  हो: खातं लॉक करा
             नाही: बाण वर
```

'बाण वर' म्हणजे कुठे वर? तर पार `count = 0` च्या डोक्यावर! पहिल्यांदा चुकला, `count` झाला १, तीन आहे का, नाही, जा वर, `count` परत ०. दुसऱ्यांदा चुकला, परत १. तिसऱ्यांदा, दहाव्यांदा, हजाराव्यांदा, दर वेळी १ च! तीन वेळा चुकला की लॉक, हा नियम लिहिलाय, डायमंड आहे, बाण आहे, आणि तो बाण कधी म्हणजे कधीच चालणार नाही. वर प्रत्येक चुकीला नवा ओटीपी जातोय कारण बाण 'पाठवा'च्याही वरून येतोय, म्हणजे कोणीही दुसऱ्याचा नंबर टाकून त्याच्या फोनवर मेसेजचा पाऊस पाडू शकतो. यातली खरी गंमत अशी की ही चूक पेन्सिलच्या टिकने सापडत नाही, कारण कागदावर बाहेरचा बाण काढलेला आहे, मग तो कधी चालो ना चालो. आणि अजून गंमत, टेस्टिंगमध्ये लॉकची डेड एंडसुद्धा कोणाला सापडली नसती, कारण लॉकपर्यंत कोणी पोचतच नाही! एका चुकीने दुसरीला पोटाशी धरलंय. आणि हे तिघांनी बघितलंय म्हणे. तिघांनी! काय बघितलं, रंग?

बरं, बाण खाली आणला. लगेच नवीन मागणी, "उशिरा आलेला ओटीपी म्हणजे दोन चुका धरा." धरा. आधीच्या दोन चुका, वर या दोन, `count` २ वरून थेट ४. आणि डायमंड विचारतोय, तीन आहे का? नाही ना. पुढे ५, ६, ७, फिरा आता आयुष्यभर. तिथे `count >= 3` लिहायला काय जात होतं?

कोणी फारच खोदून विचारलं तर सांगा की ट्युरिंगने १९३६ सालीच दाखवून दिलंय, कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे ठरवणारी एकच सरसकट पद्धत असू शकत नाही. मग आपण कोण तपासणार?

नाही, पुरे झालं. ट्युरिंगचं म्हणणं जगातल्या सगळ्या प्रोग्रॅमना मिळून लागू पडणाऱ्या एका पद्धतीबद्दल आहे, तुमच्या तीन चुकांच्या काउंटरबद्दल नाही. तुमचा लूप थांबतो का हे दहा मिनिटांत कळतं. प्रत्येक फेरीला निदान एकने कमी होणारा आकडा दाखवा, इथे तो `3 - count` आहे, आणि तो शून्यावर किंवा शून्याखाली गेला की लूपबाहेर पडायलाच लागतं हे दाखवा. दाखवता येत नसेल तर लूप तपासलेला नाही, विषय संपला. कागदावर रकाने पाडा, फेरी, `count`, डायमंडचं उत्तर, आणि सलग चार चुकीचे ओटीपी टाकून हाताने चालवा. दुसऱ्याच ओळीत `count` परत १ दिसला असता. एवढं केलं असतंत तर माझे दोन दिवस वाचले असते. 'नाही'चा बाण ऑब्व्हियस असेल तर काढायला दोन सेकंद लागतात, काढा ना मग! तुम्ही नाही काढलात तर तो कोड लिहिणारा मनाने काढतो, दुसरा दुसऱ्या मनाने काढतो, आणि वर तुम्हीच येऊन विचारता की असं का केलं. आणि एकही बाण बोटाने न चालता 'रिव्ह्यू झाला' लिहिणाऱ्यांनो, पुढच्या वेळी सरळ 'उघडला नाही' असं लिहा, म्हणजे तपासायचं काम आपल्यावर आहे हे मला पहिल्या दिवशीच कळेल.