वडिलांच्या पंचाहत्तरीचे फोटो आणि आमची चूक

ग्राहकाचा अभिप्राय : “बाबांच्या पंचाहत्तरीचे निम्म्याहून अधिक फोटो तुमच्याकडून पुसले गेले आणि आठ दिवस ‘काम चालू आहे’ एवढेच सांगितले गेले. तुम्ही घरी येऊन खरे सांगितलेत, म्हणून मी माफ केले आहे. पण इतरांना हे कळायला हवे.”

आदरणीय ताई,

आपण लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. कार्यक्रमाचे 412 फोटो एकाच मेमरी कार्डवर होते. ते संगणकावर घेताना कार्ड रीडरची वायर सैल होऊन कॉपी 160 फोटोंवरच थांबली. फोल्डर तयार झालेला दिसला, म्हणून आतील फोटो न मोजताच आम्ही ते कार्ड रिकाम्या कार्डांच्या डब्यात ठेवले. फॉरमॅट केल्यावर फोटो लगेच नाहीसे होत नाहीत, केवळ त्यांची नोंद पुसली जाते, त्यामुळे तेवढ्यावर थांबलो असतो तर बहुतेक फोटो वाचले असते. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच कार्डवर दुसऱ्या कामाचे चित्रण झाले आणि जुन्या फोटोंच्या जागी नवे फोटो लिहिले गेले. रिकव्हरीतून उरलेल्या 252 पैकी 97 मिळाले, आणि त्यांतलेही काही अर्धेच. कॅमेऱ्यात दुसऱ्या कार्डाची सोय असताना तिचा उपयोग न करणे, हा निर्णय माझा होता. म्हणून दोष सहकाऱ्याचा नाही, माझा आहे.

ते आठ दिवस मात्र मला अधिक बोचतात. फोटो गेल्याचे मला दुसऱ्याच दिवशी कळले होते. काहीतरी हाती लागेल या आशेवर मी आपल्याला खोटे सांगत राहिलो. वायर सैल होणे हा अपघात होता, हे खोटे बोलणे अपघात नव्हते. त्याबद्दल मी आपली आणि आपल्या वडिलांची मनापासून क्षमा मागतो.

आपण रागावला असतात तर ते योग्यच होते. त्याऐवजी आपण मला बसायला सांगितलेत, सगळे ऐकून घेतलेत आणि “जे मिळाले ते नीट द्या” एवढेच म्हणालात. या मोठ्या मनाबद्दल मी आपला ऋणी आहे. आपण माफ केलेत म्हणून माझी चूक लहान झाली, असे मी मानत नाही. आपण हा अभिप्राय काढू नये, अशीच माझी विनंती आहे.

आता प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो, आणि दोन ठिकाणच्या प्रती मोजून, उघडून पाहिल्याशिवाय कोणतेही कार्ड फॉरमॅट होत नाही.

आपले सर्व पैसे परत केले आहेत. मिळालेले 257 फोटो ड्राइव्हवर तयार आहेत. त्यांत वडील मनमोकळे हसत असलेला एक फोटो आहे, ज्याचा खालचा अर्धा भाग करडा झाला आहे. तो कापू नका, असे आपण सांगितले होतेत. तो तसाच, पूर्ण आकारात छापला आहे. आपल्या सोयीने मी स्वतः घेऊन येईन.