माणिक पेटलं, म्हणून अस्सल?

“यूव्ही टॉर्च मारा. चमकला तर दगड अस्सल, नाही चमकला तर नकली. माणिक लाल पेटलं की डोळे झाकून घ्या. हिरवा चमकला तर मात्र हात लावू नका, त्यात युरेनियम असतं. कोणतीही जांभळी टॉर्च चालते.”

हा मजकूर घरातल्या गटावर आला आणि आत्या त्यावर विसंबून माणिक घ्यायला निघाली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

माणकापासूनच सुरुवात करतो, कारण खिसा तिथेच कापला जातो. माणिक म्हणजे अॅल्युमिनिअम ऑक्साइडचा स्फटिक. त्यात अॅल्युमिनिअमच्या काही जागांवर क्रोमिअम बसलेलं असतं, शेकडा एकच्या आसपास किंवा त्याहून कमी. अतिनील प्रकाश पडला की क्रोमिअमचे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात, थोडी ऊर्जा उष्णतेत गमावतात आणि उरलेली ६९४ नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश म्हणून सोडतात. पण त्याच स्फटिकात लोह असेल तर ते ही ऊर्जा मध्येच पळवतं आणि उष्णतेत घालवतं. दगड मग मंद दिसतो, नाहीतर विझलेलाच राहतो. म्हणजे टॉर्च सांगते ती एवढीच गोष्ट: क्रोमिअम आहे आणि लोह कमी आहे. दगड जमिनीतून आला की भट्टीतून, हे तिला कळत नाही.

आता भट्टीतलं माणिक बघा. ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवायची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूई यांची पद्धत १९०२ साली जाहीर झाली आणि ती आजही वापरात आहे. तिला लागणारी अॅल्युमिनाची भुकटी मुद्दाम शुद्ध केलेली असते, त्यामुळे लोह जवळजवळ नसतंच. अशा दगडावर टॉर्च मारली की तो निखाऱ्यासारखा पेटतो. उलट थायलंडच्या खाणीतलं, लोह जास्त असलेलं अस्सल माणिक शेजारी ठेवलं तर ते जेमतेम लालसर होतं. मजकुरातला नियम पाळला तर प्रयोगशाळेतला दगड पिशवीत आणि खाणीतला दुकानात परत! शिवाय माणकासारखंच दिसणारं लाल स्पिनेल हे वेगळं रत्नसुद्धा क्रोमिअममुळेच लाल चमकतं.

एक अर्धसत्य मान्य करायलाच हवं. साधी लाल काच किंवा लोहयुक्त गार्नेट सहसा असं लाल पेटत नाही, त्यामुळे झगझगीत लाल दिसलं तर या दोन शक्यता बऱ्याच मागे पडतात. पुढचं काम दहापट भिंगाचं. दगड फिरवत आत बघा. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले तर ज्योतीतल्या माणकाचा संशय पक्का. सरळ, कोनात मिळणाऱ्या वाढीच्या रेषा आणि रूटाइल या खनिजाच्या बारीक सुया दिसल्या तर खाणीची बाजू भक्कम होते. पक्का निर्वाळा प्रयोगशाळेतच.

हिऱ्यालाही हाच नियम लावणाऱ्यांनी जीआयए या रत्नपरीक्षण संस्थेचा आकडा वाचावा: सुमारे २५ ते ३५ टक्के हिरेच अतिनील प्रकाशात चमकतात, तेही बहुतेक निळे. न चमकणाऱ्यांना नकली ठरवलं तर बहुसंख्य अस्सल हिरे बाद होतील.

हिरव्या रंगाची भीतीही अशीच उलटी आहे. ऑट्युनाइट हे युरेनियमचं खनिज झगझगीत पिवळं-हिरवं चमकतं, हे खरं. पण अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन गावचं विलेमाइट हे जस्ताचं खनिजही हिरवं चमकतं आणि तिथे कारण मँगनीज, युरेनियमचा संबंध नाही. उलट युरेनियमचं मुख्य धातुक असलेलं काळं युरेनिनाइट अजिबात चमकत नाही. टॉर्च मारून ते निर्धोक ठरवणाऱ्याने काय करावं? किरणोत्सर्ग मोजायला गायगर काउंटर लागतो.

राहिली टॉर्च. स्वस्त जांभळी टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते. तिचा दिसणारा जांभळा उजेड दगडावरून परततो आणि त्यालाच लोक चमक समजतात. ३६५ची, पुढे काळी गाळणी-काच असलेली टॉर्च घ्या. दगड धुवा, कारण कपड्याचा धागा आणि डिंकसुद्धा निळे चमकतात. तो काळ्या कापडावर ठेवा, पांढऱ्या कागदावर नको. कागदातलं उजळ करणारं रसायन स्वतःच निळं पेटतं. अंधारात दोन मिनिटं डोळे सरावू द्या आणि मग बटण दाबा.

विलेमाइटसारखी काही खनिजं मात्र २५४ नॅनोमीटरच्या लघुलहरी अतिनील दिव्याखालीच खरी खुलतात. तो दिवा डोळ्यांवर मारला तर बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं, म्हणून पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालूनच तो लावायचा. चमक लघुलहरींचीच आहे का, हे बघायला दिवा आणि दगड यांच्यामध्ये खिडकीच्या काचेचा तुकडा धरा. साध्या काचेतून २५४ पार होत नाही, त्यामुळे चमक तिथल्या तिथे विझते.